स्वतःच्या उत्तराचा ताळा करताना या चुका टाळा

एक गणित घेऊ. स्लो लोकल एका स्टेशनातून सुटते आणि १८०० मीटरवरच्या पुढच्या स्टेशनात जाऊन थांबते. या प्रवासाला अडीच मिनिटं लागतात. वेग घेताना त्वरण ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, ब्रेक लावताना मंदनही तेवढंच आहे, आणि मधल्या भागात गाडी एकाच वेगाने धावते. हा मधला वेग किती?

अकरावीच्या मुलाला जमेल इतकंच हे अवघड आहे. क्लास न लावता दादरच्या किंवा डोंबिवलीच्या अभ्यासिकेत एकट्याने बसणारे बरेच जण असं गणित सोडवतात आणि लगेच पुस्तकाच्या शेवटी उत्तरसूची उघडतात. ती उघडण्याआधी तीन ताळे स्वतःच करता येतात: उत्तर परत ठेवून बघणं, अंदाज आणि एककांची म्हणजे मितींची तपासणी. पण हे ताळे ढिलाईने केले तर चुकीचं उत्तरही त्यातून आरामात निसटतं. वरच्या गणितात नेमकं तेच होतं, म्हणून ते निवडलं आहे.

चूक: उत्तर आपल्याच समीकरणात ठेवणं

मधला वेग v धरू. त्वरण ०.५ असल्यामुळे तो गाठायला 2v सेकंद लागतात आणि तेवढ्यात v² मीटर अंतर कापलं जातं. थांबतानाही तसंच. म्हणजे मधल्या धावण्याला 150 − 4v सेकंद उरतात. तिन्ही अंतरांची बेरीज १८०० ला समान ठेवली की मिळतं:

```
v² + v(150 − 4v) + v² = 1800
v² − 75v + 900 = 0
```

याची मुळं दोन, १५ आणि ६०. आता समजा कोणी सूत्रातलं अधिक चिन्ह घेतलं आणि ६० वर थांबला. ताळा करायचा म्हणून तो ६० परत समीकरणात ठेवतो: ३६०० वजा ४५०० अधिक ९००, बरोबर शून्य. ताळा जुळला, पान उलटलं.

इथे तपासलं गेलं ते फक्त समीकरण सोडवण्याचं काम. समीकरण मांडताना काय गृहीत धरलं, ते गणिताला लागू पडतं का, हे तपासलंच नाही. उत्तर ठेवायचं असतं मूळ शाब्दिक गणितात, आणि तेही एकेक टप्पा वेगळा काढून. ६० मीटर प्रति सेकंद गाठायला १२० सेकंद, थांबायला आणखी १२०. झाले २४० सेकंद, आणि आपल्याकडे आहेत फक्त १५०. मधल्या धावण्याचा वेळ निघतो उणे ९० सेकंद.

गंमत अशी की अंतराची बेरीज तरीही जुळते. वेग घेताना ३६०० मीटर, थांबताना ३६००, आणि मध्ये उणे ५४००; एकूण १८००. म्हणून नुसती शेवटची बेरीज बघून चालत नाही, प्रत्येक तुकड्याकडे स्वतंत्र बघावं लागतं. आता १५ ठेवून बघा: ३० सेकंदांत २२५ मीटर, मग ९० सेकंदांत १३५० मीटर, मग ३० सेकंदांत २२५ मीटर. एकूण १५० सेकंद, १८०० मीटर, आणि कुठलाच तुकडा शून्याखाली नाही. हा खरा ताळा.

याच जातीची आणखी एक चूक म्हणजे त्याच पायऱ्या त्याच क्रमाने पुन्हा करणं. ‘दोनदा केलं, दोन्हीदा तेच आलं’ याला ताळा म्हणत नाहीत. जिथे चिन्ह चुकलं तिथे ते बहुतेक दुसऱ्यांदाही चुकतं, कारण डोळा तीच ओळ तशीच वाचतो.

चूक: अंदाज उत्तरानंतर बांधणं

उत्तर समोर आलं की मन त्याची वकिली करू लागतं. ६० आलं तर ‘मीटर प्रति सेकंद आहे ना, असेल’ असं वाटतं. म्हणून अंदाज आधी, पेनाने, पानाच्या वरच्या कोपऱ्यात लिहायचा. पेन्सिल नको, खोडरबर हाताशी असला की प्रामाणिकपणा पातळ होतो.

इथे अंदाज फार सोपा आहे. १८०० मीटर, १५० सेकंद, म्हणजे सरासरी वेग १२ मीटर प्रति सेकंद, ताशी साधारण ४३ किलोमीटर. हे पटतं का? सीएसएमटी ते ठाणे ३४ किलोमीटर आहे आणि स्लो लोकल ते साधारण तासाभरात कापते, थांबे धरून. थांबे वगळले तर ४३ च्या आसपास यायला हरकत नाही.

पण सरासरीवर थांबू नका. गाडी शून्यापासून सुरू होऊन शून्यावर संपते, म्हणून मधला वेग सरासरीपेक्षा जास्तच असणार. आणि किती जास्त? मधलं धावणं अजिबात नसेल, म्हणजे गाडी अर्धा वेळ वेग घेत आणि अर्धा वेळ ब्रेक लावत असेल, तर सरासरी ही कमाल वेगाच्या बरोबर निम्मी असते. त्याहून टोकाची परिस्थिती नाही. म्हणजे एकही समीकरण न मांडता कळलं की उत्तर १२ आणि २४ च्या मध्ये आहे. ६० तिथेच बाद. तशीही ६० मीटर प्रति सेकंद म्हणजे ताशी २१६ किलोमीटर होतात. वंदे भारतसुद्धा प्रवाशांना घेऊन १६० च्या पुढे जात नाही.

कोणी १८०० मीटरऐवजी १.८ किलोमीटर तसंच सूत्रात टाकलं तर उत्तर ०.०१२ येतं, सेकंदाला सव्वा सेंटीमीटरही नाही. तेही १२ ते २४ च्या या चौकटीबाहेर पडून बाद होतं. मात्र चौकटीची मर्यादा लक्षात ठेवा. १७ आलं असतं तर तेही चौकटीत बसलं असतं. अंदाज उत्तराला बाद करू शकतो, पास करू शकत नाही.

चूक: आकडे फार लवकर भरणं

वरच्या समीकरणात ‘अंतर बरोबर v²’ असं आलं होतं. वेगाचा वर्ग मीटरमध्ये कसा येईल? खरं अंतर आहे v²/2a, आणि a ०.५ असल्यामुळे खालचा 2a हा १ होऊन नाहीसा झाला. तो गेला तशी त्याची एककंही गेली, आणि मितींच्या तपासणीला पकडायला काही उरलं नाही. अक्षरं शेवटपर्यंत ठेवली तर चित्र वेगळं दिसतं. अंतर D आणि एकूण वेळ T धरून:

```
T = D/v + v/a
v = (aT − √(a²T² − 4aD)) / 2
```

aT हे त्वरण गुणिले वेळ, म्हणजे वेग. aD ची एककं मीटर वर्ग भागिले सेकंद वर्ग, म्हणजे वर्गमूळ काढल्यावर पुन्हा वेग. सगळी पदं एकाच जातीची आहेत. कोणी घाईत 4aD च्या जागी 4D लिहिलं, तर वर्गमुळाच्या आत वेगाच्या वर्गातून मीटर वजा होतात, आणि ती ओळ तिथेच खोटी पडते.

पण मितींना नुसते आकडे दिसत नाहीत. 4aD ऐवजी 2aD लिहिलं तर एककं छान जुळतात आणि उत्तर येतं ६.६ च्या आसपास. ते मात्र अंदाजाच्या चौकटीत सापडतं, कारण कमाल वेग सरासरीहून कमी असू शकत नाही. आणि चिन्ह चुकून ६० आलं, तर मिती काहीच बोलत नाहीत. एक ताळा जिथे आंधळा आहे तिथे दुसरा बघतो, म्हणून तिन्ही करायचे.

अक्षरांचा आणखी एक फायदा आहे. वर्गमुळाच्या आतली संख्या ऋण असेल तर गाडी वेळेत पोचूच शकत नाही. ती शून्य होते T = १२० सेकंदांना, आणि तेव्हा v येतो ३०. सरासरी १५, तिची दुप्पट ३०. चौकटीचं वरचं टोक सूत्राने स्वतःच दाखवलं. असं टोक तपासायला एक मिनिट लागतं, आणि सूत्रावरचा विश्वास त्याने जितका वाढतो तितका दहा उदाहरणं सोडवूनही वाढत नाही.

जवळपास जुळणं

अंतर १८०० ऐवजी २००० मीटर घेतलं तर उत्तर पूर्णांकात येत नाही. १७.३ ठेवलं तर एकूण वेळ १५०.२१ सेकंद येतो. हा थोडासा फरक अंक तोडल्यामुळे आहे की गणित चुकल्यामुळे? ‘जवळपास आहे, चालेल’ म्हणणं ही स्वतःला दिलेली सवलत झाली. आणखी एक अंक घ्या: १७.३४ ला १५०.०२ येतो, १७.३४४ ला १५०.००२. दर अंकाला फरक साधारण दहापट कमी होतोय, म्हणजे दोष अंक तोडण्याचाच. फरक कमी व्हायचा थांबून एखाद्या आकड्यावर अडून बसला, तर चूक आत कुठेतरी आहे.

इतकं करूनही जे सुटतं

समजा प्रश्नात ‘दोन स्टेशनांमधला वेळ अडीच मिनिटं’ एवढंच लिहिलं होतं, आणि वेळापत्रकातल्यासारखे त्यात २० सेकंद थांब्याचे होते. मग धावण्याचा वेळ १३० सेकंद. सूत्रातून v येतो २०. ताळा करा: ४० सेकंदांत ४०० मीटर, ५० सेकंदांत १०००, पुन्हा ४० सेकंदांत ४००. १३० सेकंद, १८०० मीटर. नवी चौकट साधारण १४ ते २८, त्यातही २० बसतं. एककंही ठीक. म्हणजे १५ आणि २० दोन्ही उत्तरं तिन्ही ताळ्यांतून पास होतात, कारण दोन्ही गणितं बरोबर सुटली आहेत. फरक फक्त प्रश्न कसा वाचला यात आहे, आणि त्यावर घरबसल्या ताळा नाही.

दुसऱ्याकडे जायची वेळ ही. पण ‘माझं उत्तर बरोबर आहे का?’ असं विचारलं तर समोरचा पुन्हा पहिल्यापासून सोडवत बसेल, किंवा उत्तरसूची बघून मान हलवेल. आधी लिहिलेला अंदाज, अक्षरांतलं सूत्र आणि तुकड्यातुकड्यांचा ताळा पानावर मांडून न्या, आणि एवढंच विचारा: अडीच मिनिटांत थांबा धरायचा की नाही?