अमिओडॅरोन चालू असेल तर घरात वही कशी ठेवायची

आमचे अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या धंद्यात, ठोके अनियमित म्हणून त्यांना अमिओडॅरोन चालू झालं, आता रोज २०० मिलीग्रॅमची एक गोळी. ही गोळी शरीरात साठत जाते आणि बंद केली तरी कित्येक महिने आत राहते, म्हणून वही पहिल्या दिवसापासूनच ठेवा.

पहिल्या पानावर गोळी सुरू होतानाचे रिपोर्ट चिकटवा: थायरॉईडचा टीएसएच, लिव्हरची तपासणी, छातीचा एक्स-रे, ईसीजी. पुढं काही बिघडलं तर डॉक्टर आधीचं कसं होतं तेच बघणार. मग टीएसएच आणि लिव्हर दर सहा महिन्यांनी, एक्स-रे साधारण वर्षातून एकदा. लिव्हरचे एन्झाइम नॉर्मलच्या तिपटीच्या वर गेले तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, लगेच दाखवा.

दुसरं पान बाकीच्या गोळ्यांचं, आमचा घोळ इथंच झाला. अण्णांना रक्त पातळ व्हायला वॉरफेरिन आधीपासून होतं, रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा आयएनआर २.४, एकदम व्यवस्थित. अमिओडॅरोन वॉरफेरिनचं विघटन मंदावतं, पण हे हळूहळू होतं म्हणून पहिल्या आठवड्यात काही कळलं नाही आणि चौथ्या आठवड्यात सकाळी बेसिनमध्ये चूळ लाल दिसली, तपासलं तर आयएनआर ४.८! डॉक्टरांनी वॉरफेरिन दोन दिवस थांबवून ५ वरून ३ मिलीग्रॅम केलं. म्हणून सुरुवातीचे दोन महिने तरी आयएनआर दर आठवड्याला करा. डिगॉक्सिन किंवा कोलेस्टेरॉलची सिमव्हास्टॅटिन चालू असेल तर त्यांचाही डोस बदलावा लागतो, आणि मेडिकलमधनं ॲझिथ्रोमायसिन परस्पर आणून देऊ नका, दोन्ही मिळून ठोक्यांची लय बिघडू शकते.

आठव्या महिन्यात अण्णा दुपारीच झोपायला लागले, उन्हाळ्यात स्वेटर मागायला लागले. टीएसएच १८, बराच वाढलेला, म्हणजे थायरॉईड मंद. या गोळीत वजनाच्या एक तृतीयांशाहून जास्त आयोडीन असतं, त्यानं थायरॉईड मंदावतो, कधी उलटा वाढतोसुद्धा, आणि वाढला तरी नाडी फारशी पळत नाही कारण हीच गोळी तिला धरून ठेवते, त्यामुळं वजन उतरणं आणि हात थरथरणं यावर नजर ठेवा. अमिओडॅरोन न थांबवता थायरॉक्सिन दिलं, पण थायरॉईड सुधारला की वॉरफेरिन पुन्हा जोर धरतं, म्हणजे आयएनआर परत थोड्या थोड्या दिवसांनी करून बघायचा.

खोकल्याचं मात्र मी कळकळीनं सांगते. कोरडा खोकला आला तेव्हा आम्ही सगळे म्हणालो हळदीची धूळ. पण जिना चढताना दम लागला तेव्हा ताबडतोब एक्स-रे आणि मग सीटी स्कॅन केला, कारण या गोळीनं फुफ्फुसाला सूज येऊ शकते आणि तेव्हा ती डॉक्टर बंद करतात. आमचा निघाला साधा ब्रॉंकायटिस, पण ते तपासल्यावर कळलं.

गोळी स्वतःहून बंद करू नका, आणि डॉक्टरांनी बंद केली तरी पुढचे काही महिने प्रत्येक डॉक्टरला ती वही दाखवा, दातवाल्यालासुद्धा.