झिरो सिक्वेन्स इम्पिडन्स मोजताना या चुका टाळा

ट्रान्सफॉर्मरचा झिरो सिक्वेन्स इम्पिडन्स किती, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: कुठल्या बाजूने मोजलेला, आणि तेव्हा दुसरी बाजू उघडी होती की शॉर्ट? पर्सेंटेज इम्पिडन्ससारखा हा नेमप्लेटवरचा एकच आकडा नसतो. वाइंडिंगची जोडणी बदलली, कोअर बदलला, एखादी लिंक निघाली, की आकडा बदलतो. पुढच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळेच होतात.

समजायला एकच ट्रान्सफॉर्मर धरू: १० एमव्हीए, ३३/११ केव्ही, दोन्ही बाजू स्टार, दोन्ही न्यूट्रल बाहेर आणलेले. कोअर थ्री-लिम्ब. आत कोअरला लागून ६.६ केव्हीचं स्टॅबिलायझिंग डेल्टा वाइंडिंग, त्यावर एलव्ही आणि सगळ्यात बाहेर एचव्ही. ११ केव्ही बाजूचा बेस इम्पिडन्स १२.१ ओहम, रेटेड करंट ५२५ अँपिअर.

तीनने गुणायला विसरणे

जोडणी सोपी आहे. ११ केव्हीचे तिन्ही लाइन बुशिंग एकत्र बांधायचे आणि ती गाठ व न्यूट्रल यांच्यात ५० हर्ट्झचा सिंगल फेज सप्लाय द्यायचा. एचव्ही उघडी. समजा ३५ व्होल्टला न्यूट्रलमधून १५० अँपिअर गेले. घाईत भागाकार केला तर ०.२३ ओहम, म्हणजे दोन टक्क्यांच्याही आत. मग "वाइंडिंगमध्ये टर्न शॉर्ट आहेत की काय" म्हणून धावपळ सुरू होते.

अँमीटरमधला करंट तिन्ही फेजचा मिळून आहे. प्रत्येक फेजमध्ये ५० अँपिअरच आहेत आणि आपल्याला इम्पिडन्स हवा आहे तो प्रति फेज:

```
Z0 = 3 × U / I = 3 × 35 / 150 = 0.70 ohm
```

१२.१ ने भागलं की ५.८ टक्के. रिपोर्टमध्ये ओहमसोबत 'प्रति फेज' आणि कुठल्या करंटला मोजलं ते लिहा, म्हणजे पुढचा माणूस तुमच्याच आकड्याला पुन्हा तीनने गुणणार नाही.

करंट किती द्यायचा, हे एलव्हीच्या रेटिंगवरून ठरवू नका. एचव्ही उघडी असल्यामुळे एलव्हीचे सगळे अँपिअर-टर्न तोलायचं काम एकट्या डेल्टाला करावं लागतं. डेल्टा एक-तृतीयांश क्षमतेचा असेल तर एलव्हीत प्रति फेज १७५ अँपिअर, म्हणजे न्यूट्रलमध्ये ५२५, एवढ्यावर तो पूर्ण भरला. न्यूट्रल बुशिंगची क्षमता वेगळी तपासायची.

डेल्टाची लिंक न पाहणे

स्टॅबिलायझिंग डेल्टाचा एक कोपरा बरेचदा उघडा ठेवून त्याची दोन टोकं दोन बुशिंगवर बाहेर आणलेली असतात. बाहेरून ती लिंकने जोडून अर्थ करायची. टेस्टसाठी कुणीतरी लिंक काढतो आणि परत लावत नाही. एका रिपेअर वर्कशॉपमध्ये आम्ही यापायी अर्धा दिवस घालवला. वाचन कारखान्याच्या रिपोर्टच्या कितीतरी पट जास्त येत होतं आणि आम्ही मीटर बदलत बसलो होतो. लिंक टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होती.

आपल्या उदाहरणात लिंक नसेल तर त्याच १५० अँपिअरसाठी ३५ ऐवजी साधारण ३०० व्होल्ट लागतील, म्हणजे ६ ओहम, जवळजवळ ५० टक्के. डेल्टा बंद असताना त्यात फिरणारा करंट झिरो सिक्वेन्स फ्लक्सला अडवतो. तो उघडला की मोजला जातो तो फक्त कोअर आणि टाकीचा मॅग्नेटायझिंग इम्पिडन्स.

यातला धोका वाचनापुरता नाही. उघड्या डेल्टात तिन्ही फेजचे व्होल्टेज एकाच दिशेचे असतात, त्यामुळे त्यांची बेरीज होते. एलव्हीला ३०० व्होल्ट दिले तर डेल्टाच्या प्रत्येक फेजमध्ये सुमारे ३१० आणि उघड्या कोपऱ्यावर ९०० च्या वर. "आपण तर तीनशेच व्होल्ट देतोय" असं म्हणत तिथे हात लावायला जाणारे असतात. वाचन संशयास्पद वाटलं तर सप्लाय दहा-वीस व्होल्टवर आणा आणि त्या दोन टोकांमध्ये व्होल्टमीटर लावा. दिलेल्या व्होल्टेजच्या तिप्पट-चौपट दिसलं तर लिंक उघडी आहे, मीटरला दोष देऊ नका.

एचव्ही शॉर्ट केली, पण न्यूट्रल सोडला

ही चूक अनुभवी माणसांकडूनही होते, कारण हाताला शॉर्ट सर्किट टेस्टची सवय असते. तिथे समोरच्या बाजूचे तीन लाइन टर्मिनल एकत्र बांधले की काम झालं. इथे तिन्ही फेजचे व्होल्टेज एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली जातात. तिन्ही टोकं समान व्होल्टेजवर असली की त्यांना एकत्र बांधून करंट वाहणार कशाला? परतीची वाट न्यूट्रलमधूनच आहे. लाइनची गाठ न्यूट्रलला जोडली नाही, तर तुम्ही 'एचव्ही शॉर्ट' लिहून प्रत्यक्षात 'एचव्ही उघडी' मोजताय.

ओळखायची सोपी खूण: गाठ आणि न्यूट्रल यांना जोडणाऱ्या तारेवर क्लॅम्प मीटर लावा. करंट नसेल तर शॉर्ट कागदावरच आहे.

डेल्टाच्या बाबतीत याच्या उलट गंमत आहे. डीवायएन ट्रान्सफॉर्मर एलव्हीकडून मोजताना एचव्ही डेल्टाचे टर्मिनल शॉर्ट केले काय, उघडे ठेवले काय, वाचन तेच येतं. करंट डेल्टाच्या आतच फिरतो, टर्मिनलवर येतच नाही. आणि डेल्टाची तीन टोकं बांधून त्या बाजूनेच मोजायला जाल तर न्यूट्रलच नाही, मोजणार कशाच्या संदर्भात!

दोन्ही बाजू स्टार असतील तर चारही वाचनं घ्या. आपल्या ट्रान्सफॉर्मरची समजा अशी आली: एलव्हीकडून एचव्ही उघडी ५.८ टक्के, एचव्ही न्यूट्रलसह शॉर्ट ३.१ टक्के, एचव्हीकडून एलव्ही उघडी १४ टक्के, एलव्ही न्यूट्रलसह शॉर्ट ७.५ टक्के. टी सर्किटच्या गणितानुसार शॉर्ट आणि उघडी यांचं गुणोत्तर दोन्ही बाजूंनी सारखं यायला हवं. ३.१ भागिले ५.८ म्हणजे ०.५३, आणि ७.५ भागिले १४ म्हणजे ०.५४. जुळलं. एका बाजूचं गुणोत्तर १ च्या आसपास आलं, तर त्या बाजूने मोजताना समोरचा न्यूट्रल जोडायचा राहिला असण्याची शक्यता सगळ्यात मोठी. ही ताडणी करायला दोन मिनिटं लागतात. टेस्ट बे सुटल्यावर तेच काम दोन दिवसांचं होतं.

सगळे कोअर सारखे समजणे

नेहमीच्या थ्री फेज कामात तिन्ही लिम्बमधल्या फ्लक्सची बेरीज योकमध्ये शून्य होते, म्हणून परतीसाठी वेगळा लिम्ब लागत नाही. झिरो सिक्वेन्समध्ये तिन्ही लिम्बमधून फ्लक्स एकाच वेळी वर चढतो आणि थ्री-लिम्ब कोअरमध्ये त्याला खाली यायला लोखंडाची वाट नसते. मग तो योकमधून बाहेर पडतो आणि तेल व टाकीच्या भिंतींमधून परततो. टाकीत एडी करंट फिरतात, जणू टाकी म्हणजे एक ढिसाळ डेल्टा वाइंडिंगच.

यातून तीन गोष्टी निघतात. डेल्टा नसलेल्या थ्री-लिम्ब स्टार-स्टारमध्येही इम्पिडन्स अवाढव्य येत नाही, साधारण ३० ते ६० टक्क्यांत राहतो. टाकीचं पोलाद एकरेषीय वागत नाही, म्हणून करंट बदलला की वाचन थोडं सरकतं. तीन-चार करंटला मोजून आलेख काढा. आणि वॉट नेहमीपेक्षा जास्त दिसतात, कारण ते टाकीत जळतात. अशा टेस्टमध्ये रेटेड करंट धरून बसू नका, टाकी आणि क्लॅम्प तापतात. कमी करंट, कमी वेळ, आणि थर्मल कॅमेरा असेल तर तो हाताशी ठेवा.

बंद डेल्टा असतानाही कोअर आपली छाप सोडतो. डेल्टा आत आणि स्टार बाहेर असेल, तर बाहेरच्या वाइंडिंगला टाकी जवळून दिसते आणि झिरो सिक्वेन्स आकडा पॉझिटिव्हपेक्षा कमी येतो, बरेचदा ८० ते ९० टक्के. साध्या डीवायएनमध्ये उलट असतं: स्टार आत, डेल्टा बाहेर. बाहेरचा डेल्टा फ्लक्सला टाकीपर्यंत पोचू देत नाही, म्हणून दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात. "नेहमी ८५ टक्के येतं" हा ऐकीव नियम लावून असा चांगला ट्रान्सफॉर्मर नापास करू नका.

फाइव्ह-लिम्ब किंवा शेल प्रकारात परतीची लोखंडी वाट असते. डेल्टा असेल तर झिरो सिक्वेन्स आणि पॉझिटिव्ह सिक्वेन्स यांत फारसा फरक उरत नाही. डेल्टा नसेल तर मात्र खरा घोळ. ४०० व्होल्ट लावले तर जेमतेम करंट जातो आणि इम्पिडन्स प्रचंड दिसतो. पण ११ केव्ही बाजूचं फेज व्होल्टेज ६३५० आहे, तुम्ही त्याच्या सहा-सात टक्क्यांवर मोजताय. खऱ्या फॉल्टला बाजूचे लिम्ब सॅच्युरेट होतात आणि इम्पिडन्स कोसळतो. तो प्रचंड आकडा रिले सेटिंगला दिला तर अर्थ फॉल्ट करंटचा हिशेब चुकतो. व्होल्टेज वाढवत बिंदू घ्यायचे, पण फेज व्होल्टेजच्या वर जायचं नाही, आयईसी ६००७६-१ तसंच सांगतं. थ्री-लिम्बला ही व्होल्टेजची मर्यादा गाठायची वेळच येत नाही: ६ ओहमला ६३५० व्होल्ट म्हणजे प्रति फेज हजारावर अँपिअर, रेटेडच्या दुप्पट. तिथे करंट आणि टाकीचं तापमान आधी थांबवतात.

लहान एलव्हीत केबलच मोजणे

१००० केव्हीए, ११ केव्ही/४३३ व्होल्ट, ५ टक्क्यांचा डीवायएन घ्या. त्याचा इम्पिडन्स ९.४ मिलीओहम. ७० चौरस मिलिमीटर तांब्याच्या दहा मीटर केबलचा रेझिस्टन्स जवळपास २.५ मिलीओहम. कमी वाटतो, पण न्यूट्रलच्या केबलमधून तिन्ही फेजचा करंट जातो, म्हणून सूत्रात तो तिप्पट होऊन ७.४ बनून येतो. लाइनच्या गाठीकडे जाणारी केबल तितकीच लांब असेल तर आणखी तितकाच. व्होल्टमीटरच्या तारा वेगळ्या घेऊन थेट बुशिंगच्या पट्ट्यांवर लावा, सप्लायच्या क्लॅम्पवर नको. वॉटमीटरची व्होल्टेज कॉइलही तिथेच. केबल मोजली जातेय याची चाहूल आधी वॉटमध्ये लागते: रेझिस्टन्स रिअॅक्टन्सइतका दिसू लागला, की आधी तारा कुठे लागल्यात ते पाहा.