पहाटे तीनला जाग आणि डोक्यात विचारांची गर्दी: कागदाने काम झालं

पहाटे तीनला जाग यायची, मग तेच विचार फिरत राहायचे. मोबाईलवर लिहिलं, तर उजेडाने उरलीसुरली झोपही उडाली. अगदी वैताग आला होता.

उपयोग झाला तो असा. घड्याळ न बघता उठायचं, दुसऱ्या खोलीत मंद दिव्याखाली बसायचं. एका ओळीत एकच विचार. ज्याचं काही करता येईल, त्यापुढे पुढचं काम आणि वेळ: ‘चादरींचं बिल थकलंय. सोमवारी अकराला व्यापाऱ्याला फोन.’ नुसतं ‘बिल’ लिहिलं तर मन ते सोडत नाही. बाकीच्या ओळींपुढे फक्त रेघ. पुन्हा न वाचता पान तिथेच ठेवायचं आणि डोळे जड झाले की अंथरुणात.

सकाळी चहानंतर वेळ घातलेल्या ओळी डायरीत उतरवून पान फाडायचं. रेघेची तीच ओळ वारंवार आली तर ते पान ठेवा. आठवड्यातून तीन रात्री अशी जाग, असं तीन महिने चाललं तर डॉक्टरांना दाखवायला लागेल.