पालकांचे माहितीपत्रक आणि संमतिपत्र : या चुका टाळा

चौथीच्या वर्गशिक्षिका आपल्याच वर्गावर एम.एड.चे संशोधन करत आहेत असे समजू. अपूर्णांकांच्या सहा तासिका कागदी पट्ट्या वापरून शिकवायच्या, आधी आणि नंतर चाचणी घ्यायची आणि दोन तासिकांचे चित्रीकरण करायचे, असा त्यांचा आराखडा आहे. पालकांच्या पत्रात त्या लिहितात, "माझ्या पाल्याच्या या उपक्रमातील सहभागास माझी संमती आहे." बहुतेक अडचणी याच वाक्यातून निर्माण होतात, कारण पालकाने नकार दिला तर मूल अपूर्णांक शिकणारच नाही, असा त्याचा अर्थ होतो.

शिकवणे सर्वांसाठी असते. परवानगी हवी असते ती मुलाची माहिती संशोधनात वापरण्यासाठी. म्हणून असे लिहावे : "सहाही तासिका आणि चाचण्या सर्व मुलांसाठी आहेत. आपण नकार दिल्यास आपल्या मुलाचे गुण व वहीची छायाचित्रे संशोधनात घेतली जाणार नाहीत. त्याच्या निकालावर कोणताही परिणाम होणार नाही."

एकाच सहीत सगळे उरकणे ही दुसरी चूक होय. चाचणीचे गुण वापरायला तयार असलेला पालक चित्रीकरणाला नाही म्हणू शकतो, म्हणून गुण, वही आणि चित्रीकरण यांसाठी 'होय' आणि 'नाही' अशा स्वतंत्र चौकटी द्याव्यात. चित्रीकरणाला नकार आलेल्या मुलांना मात्र मागच्या बाकावर एकटे पाठवू नये. कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेरच्या रांगेत त्यांना मित्रांसोबत बसवता येते.

"केव्हाही माघार घेता येईल" हे आश्वासन तर पाळताच येत नाही. नावे काढून गुण एकत्र केल्यावर कोणते गुण कोणाचे हे संशोधकालाही सांगता येत नाही. त्यामुळे नावे कोणत्या तारखेला काढणार ते पत्रकात लिहावे आणि माघारीची मुदत त्याआधीची ठेवावी. गोपनीयतेच्या वचनालाही मर्यादा आहे : मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजल्यास पोक्सो कायदा, 2012 नुसार ते कळवणे बंधनकारक असते, आणि ही गोष्ट पालकांना आधीच सांगणे प्रामाणिकपणाचे आहे.

"उत्तर न आल्यास संमती गृहीत धरली जाईल" हे वाक्य काढूनच टाकावे. पत्र दप्तरातच राहिले असेल, किंवा घरी ते वाचणारे कोणी नसेल. वाचता न येणाऱ्या पालकांना ते साक्षीदारासमोर वाचून दाखवावे आणि अंगठ्यासोबत साक्षीदाराचीही सही घ्यावी. वर्गशिक्षिकेला तोंडावर 'नाही' म्हणणे पालकांना जड जाते, म्हणून होकार असो वा नकार, प्रत्येक पत्र बंद पाकिटात यावे आणि ते दुसऱ्या शिक्षकाने गोळा करावे.

पालकांची सही आली तरी मुलाला विचारायचे राहतेच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 7 ते 11 वर्षांच्या मुलांची तोंडी अनुमती घेतात. ही तत्त्वे आरोग्य संशोधनासाठी असली तरी वर्गातही तीच रीत योग्य ठरते. पालकांचा होकार असूनही मूल नको म्हणाले, तर त्याचा नकार अंतिम मानावा.