पोटफुगी परत परत होतेय? गाईच्या पोटात प्लास्टिकच्या पिशव्या असू शकतात

मुठेच्या काठी किंवा कचराकुंडीच्या आसपास मोकळी चरणारी गाय फुगली, औषधाने उतरली आणि चार-आठ दिवसांत पुन्हा फुगली, तर दोष फक्त चाऱ्याला देऊ नका. शिळ्या पोळीसकट गिळलेली पिशवी कोठीपोटात कुजत नाही आणि पुढेही सरकत नाही. तिथे दोरा, चिंध्या गुंतून गोळा वाढत जातो. गाय थोडं खाते, रवंथ कमी करते, शेण कमी टाकते आणि वाळत जाते.

घरी एवढं तपासा: डाव्या भकाळीवर मूठ दाबून दोन मिनिटं ठेवा. निरोगी गाईत दोन-तीनदा तरी लाट हाताला लागते. लाट मंद आणि पोट मळलेल्या कणकेसारखं लागलं, तर डॉक्टरांना बोलवा. पिशवी विरघळवणारं औषध नाही, ती शस्त्रक्रियेनेच काढावी लागते. तेल पाजत बसण्यात दिवस जातात, शिवाय ते श्वासनलिकेत गेलं तर वेगळंच संकट.

एकाएकी दूध आटलं, गाय कण्हते, कोपरं बाहेर काढून उभी राहते, उतार उतरायला नको म्हणते, तर तार किंवा खिळ्याचा संशय घ्या. तिला चालवू नका, त्याच दिवशी दाखवा.

सोडण्याआधी पोटभर वैरण द्या. खनिज मिश्रण रोज द्या, कारण फॉस्फरस कमी पडला की जनावर काहीही चघळतं. आणि सोसायटीवाल्यांनो, खरकटं पिशवीत गाठ मारून टाकू नका. गाय गाठ सोडत नाही.