अॅरो बरोबर होते, मार्क वेज-डॅशमध्ये गेले: एका विद्यार्थिनीला पत्र

बेटा,

तुझा टेस्टचा पेपर तपासून झाला. ऑरगॅनिकमध्ये मार्क पाहून तू नाराज होशील हे माहीत आहे म्हणून नुसता आकडा न देता सविस्तर लिहून राहिलो. तुला मेकॅनिझम येत नाही असं अजिबात नाही, अॅरो जवळपास सगळे बरोबर आहेत, इलेक्ट्रॉन जिथून निघायला पाहिजे तिथूनच निघाले. मार्क गेले ते शेवटच्या ओळीत, प्रॉडक्ट काढताना. एकच प्रश्न घेऊन पूर्ण सांगतो, कारण बाकी ठिकाणीही तेच झालं आहे.

प्रश्न होता सिस-2-ब्युटीनवर ब्रोमीनचा. तू ब्रोमोनियम आयन काढला, ब्रोमाइड मागच्या बाजूने आणला, बाजूला "अँटी अॅडिशन" लिहिलं, इथपर्यंत पूर्ण मार्क. मग तू एकदम चार कार्बनची झिगझॅग साखळी काढली, एक Br वेजवर, दुसरा डॅशवर, अन् खाली लिहिलं मेसो. ते उत्तर ट्रान्स-2-ब्युटीनचं आहे. सिसमधून मेसो निघतच नाही, (2R,3R) अन् (2S,3S) असं रेसिमिक मिक्स्चर निघते.

आता चूक नेमकी कुठे झाली ते पहा. अँटी म्हणजे एक वेज एक डॅश, हे तू पाठ केलं आहे. पण हे वाक्य फक्त तेव्हाच खरं असते जेव्हा साखळीचा आकार अल्कीनमध्ये होता तसाच ठेवला असेल. सिसमध्ये दोन्ही मिथाइल एकाच बाजूला असतात, समज दोन्ही खाली. मग प्रॉडक्टपण आधी तसंच काढायचं, मधला बाँड आडवा, दोन्ही मिथाइल खाली, दोन्ही Br वर, डावा Br वेजवर अन् उजवा डॅशवर. हे चित्र बरोबर आहे. यानंतर झिगझॅग पाहिजे असेल तर उजवा कार्बन मधल्या बाँडभोवती 180 अंशात फिरवायचा, अन् फिरवला की त्या कार्बनवरचं सगळंच फिरते, मिथाइल खालून वर जाते, Br वरून खाली येतो आणि डॅशवरून वेजवर येतो, H वेजवरून डॅशवर जातो. म्हणजे झिगझॅगमध्ये दोन्ही Br वेजवर दिसतील. तू मिथाइल फिरवला अन् Br डॅशवरच ठेवला, तिथे रेणूच बदलला.

म्हणून पहिली सवय ही लाव की प्रॉडक्टचं पहिलं चित्र अल्कीनच्याच आकारात काढायचं, झिगझॅग नंतर, अन् तेही वेगळ्या चित्रात. पेपरमध्ये जागा जाते म्हणून मुलं हे चित्र गाळतात, माझ्या मते याच्याइतकी महाग बचत दुसरी नाही. ट्रान्समध्ये ही अडचण येत नाही, कारण ट्रान्स अल्कीन आधीपासूनच झिगझॅग असते, म्हणून तिथे एक वेज एक डॅश सरळ लिहिलं तरी बरोबर येते, आणि त्यामुळेच मुलांना वाटते की नियम सगळीकडे चालतो.

दुसरी गोष्ट, ब्रोमाइडचा हल्ला तू एकाच कार्बनवर दाखवला. सिसच्या ब्रोमोनियममध्ये दोन्ही कार्बन सारखे आहेत, रेणूच्या मधून आरशाचं प्रतल जाते, म्हणून ब्रोमाइड डाव्यावर जितका जाईल तितकाच उजव्यावर. डाव्यावर गेला की एक एनँशिओमर, उजव्यावर गेला की दुसरा. दोन्ही अॅरो वेगवेगळ्या चित्रांत दाखव अन् 50:50 लिही, एवढं नसलं तर "रेसिमिक" हा शब्द हवेतून आल्यासारखा वाटते अन् परीक्षक मार्क कापतो. ट्रान्समध्ये कोणत्याही कार्बनवर हल्ला झाला तरी तेच मेसो मिळते, तिथेही दोन्ही दाखवून "दोन्ही एकच" असं लिहायचं. अजून एक, तू "रोटेशन शून्य" लिहिलं ते योगायोगाने बरोबर आहे, पण मेसोचं शून्य रेणूच्या आतल्या सिमेट्रीमुळे असते अन् रेसिमिकचं दोन एनँशिओमर एकमेकांना कापतात म्हणून. कारण विचारलं तर दोन्ही उत्तरं वेगळी आहेत.

तिसरी सवय R/S ची. SN2 च्या प्रश्नात तू चित्र न काढताच R चं S केलं, कारण "इनव्हर्जन होते". इनव्हर्जन जागेचं होते, अक्षराचं होईलच असं नाही. 1-मेथॉक्सी-2-ब्रोमोप्रोपेनवर सायनाइड घे. आधी Br पहिल्या नंबरवर, CH2OCH3 दुसऱ्या. Br गेला, CN मागून आला, पण CN च्या कार्बनवर नायट्रोजन आहे अन् त्या CH2 वर ऑक्सिजन, म्हणून आता CH2OCH3 पहिला अन् CN दुसरा. जागा उलटली, नंबरही उलटले, अक्षर तेच राहिलं. R दिला असेल तर प्रॉडक्टपण R. म्हणून आधी चित्र, मग प्रायॉरिटी नव्याने लावायची, अक्षर सगळ्यात शेवटी. H वेजवर असला तर जे फिरणं दिसते त्याच्या उलट अक्षर लिहायचं, तुझ्या पेपरात दोन ठिकाणी हेच राहिलं.

डोळ्यासमोर रेणू फिरत नसेल तर मॉडेल किटसाठी थांबू नको. आपल्याकडे लहानपणी ज्वारीच्या धांड्याच्या बंड्या बनवतात ना, तसंच आतल्या भेंडाचे तुकडे कार्बन समज अन् सालाच्या काड्या बाँड, Br ला लाल शाई लाव. काड्या साधारण 109 अंशात खोच, मधली काडी मात्र फिरेल अशी सैल ठेव. सिसचं प्रॉडक्ट बनव, मधली काडी फिरव, अन् प्रत्येक स्थितीचं चित्र वहीत काढ. बराच वेळ लागते, पण एकदा हाताने फिरवलं की वेज-डॅश कायले बदलते हे पुन्हा सांगावं लागत नाही.

एक मर्यादा पण लक्षात ठेव. हे सगळं साध्या अल्कीनसाठी आहे. डबल बाँडला फिनाइल जोडलेला असला तर प्लस चार्ज त्या बेंझिलिक कार्बनवर बराच सांभाळला जाते, ब्रोमोनियमची रिंग अर्धवट उघडते, अन् अँटीसोबत थोडं सिन प्रॉडक्टही येऊ शकते. असा प्रश्न आला तर "फक्त अँटी" असं ठासून लिहू नको, "मुख्यतः अँटी" लिही अन् कारण दे.

रविवारी येशील तेव्हा हे करून आण, ट्रान्स-2-ब्युटीनवर ऑस्मियम टेट्रॉक्साइड, मग सिसवर तेच. हे सिन अॅडिशन आहे, म्हणून दोन्ही OH एकाच बाजूने येतील. ट्रान्समध्ये बाँड फिरवायची गरज नाही, सिसमध्ये आहे. चारही चित्रं काढ, प्रत्येक कार्बनखाली R/S लिही, अन् कोणतं मेसो निघाले ते माझ्याकडे यायच्या आधी ठरवून ये.

तुझे सर