पुरवठादाराचं बिल ग्राहकाच्या खोक्यात जात होतं, ते असं थांबवलं

मुरादाबादचा पुरवठादार पितळी समया थेट आमच्या ग्राहकाला पाठवतो. खोक्यात त्याचं बिल निघालं की आमचा खरेदीभाव ग्राहकापुढे उघडा पडतो. ‘साधं पॅकिंग करा’ एवढं सांगून भागत नाही, कारण पॅकिंग करणारा कामगार हाताशी असेल तेच बिल आत घालतो.

आता कुरिअरचं लेबल आम्हीच आमच्या खात्यातून काढतो आणि आमच्या बिलासोबत एकाच पीडीएफमध्ये पुरवठादाराला पाठवतो. पहिलं पान खोक्यावर, दुसरं बाहेरच्या पारदर्शक पाकिटात. पुरवठादाराचं बिल आम्हाला फक्त ईमेलने येतं. बाहेरचं खोकं कोरं, टेपही बिननावाची. आतल्या डब्यावरचं उत्पादकाचं नाव आणि एमआरपी मात्र खरवडायची नाही. ती कायद्याने लागते.

लेबल आमच्या खात्यातलं असल्याने ट्रॅकिंगही आमच्याच हातात राहतं. पण लेबल निघालं म्हणजे माल निघाला असं नव्हे. कुरिअरने पार्सल उचलल्याचं स्कॅन दिसल्यावरच ग्राहकाला नंबर कळवायचा, नाहीतर ‘दोन दिवस जागचं हललेलं नाही’ म्हणून फोन सुरू होतात.

परतीचा पत्ता हा लेबल काढतानाचा वेगळा रकाना असतो. तो रिकामा सोडला तर न स्वीकारलेलं पार्सल सहसा पिकअपच्या पत्त्यावर, म्हणजे मुरादाबादला परत जातं आणि तिथल्या मालात मिसळतं. म्हणून त्या रकान्यात आमच्या पुण्याच्या गोदामाचा पत्ता घालतो. परत आलेलं खोकं फोडताना लेबलपासून सलग व्हिडिओ काढायचा. समईचा दांडा वाकलेला निघाला तर पुरवठादार तेवढ्यावर भरपाई मान्य करतो.